दुपारचा सूर्य सेक्स्टंटने पकडताना घड्याळाकडे बघू नका

सेक्स्टंट म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं उपकरण. बरोबर मध्यान्हीचा क्षण साधायला जाऊन अनेकांचं वाचन चुकतं. अक्षांशासाठी तो क्षण लागतच नाही, लागते फक्त सूर्याची सर्वांत जास्त उंची.

१. दहा-पंधरा मिनिटं आधीच, गडद काचा लावून, सूर्याची खालची कडा क्षितिजाला टेकवा. सेक्स्टंट हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. कडा झोक्याच्या तळाशी टेकली तरच वाचन खरं.
२. सूर्य चढेल तसा सेक्स्टंटचा कोन बदलणारा ड्रम फिरवत राहा. तो काही मिनिटं थबकल्यासारखा वाटतो. कडा क्षितिजाखाली बुडू लागली की थांबा. ड्रम उलटा फिरवू नका, तेच वाचन घ्या.

रत्नागिरीसमोर, २१ डिसेंबरचं उदाहरण: वाचन ४९°२२′. डोळा पाण्यापासून ३ मीटर उंच, म्हणून ३′ वजा. खालच्या कडेची दुरुस्ती सुमारे १५′ अधिक. खरी उंची ४९°३४′. ती ९०° मधून वजा केली की ४०°२६′. सूर्याची त्या दिवसाची दक्षिण क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, २३°२६′ (पंचांगातून नव्हे, नॉटिकल अल्मनॅकमधून!) या ४०°२६′ मधून वजा करा: अक्षांश १७° उत्तर. सेक्स्टंटची स्वतःची चूक असेल तर ती आधी काढा. १′ चुकलं की एक सागरी मैल गेला.

मेच्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मात्र इथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा तो थबकत नाही, दिशाच झरझर बदलतो. त्या दिवसांत या पद्धतीवर विसंबू नका.