वजावट कापून आयकराची मागणी आली, तर दुरुस्तीच्या अर्जाआधी काय काय जमवाल

दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवर एका जागी करायचा असतो आणि ‘ही मागणी मला मान्य नाही’ हे दुसऱ्याच जागी नोंदवायचं असतं. एक केलं की दुसरं आपोआप होत नाही. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि पुढच्या वर्षीचा रिफंड जुन्या मागणीत वळता झाला. त्यामुळे ही गोष्ट खाली पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

पॅन, पासवर्ड, आधारला जोडलेला मोबाइल, हे सगळं असेलच. पहिला खरा कागद म्हणजे कलम १४३(१) ची इंटिमेशन, विवरणपत्र तपासून विभागाने पाठवलेला हिशेब. ई-मेलला जोडून येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीत पॅन आणि त्याला चिकटून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. मोबाइलवर वाचू नका, छापून घ्या. त्यात दोन रकाने शेजारी असतात: एकात तुम्ही विवरणपत्रात भरलेला आकडा, दुसऱ्यात विभागाने धरलेला. पेन घेऊन ओळीओळीने खाली या आणि जिथे आकडे पहिल्यांदा वेगळे होतात तिथे गोल करा. त्याखालचे बहुतेक फरक त्याच एका ओळीतून आलेले असतात.

समजा, मिरजेच्या एका हायस्कुलातले सर आहेत. जुनी करप्रणाली, विवरणपत्र मुदतीत भरलेलं. आरोग्य विम्याचा हप्ता स्वतःच्या कुटुंबाचा १८,००० आणि सांगलीत राहणाऱ्या आईवडिलांचा ४२,०००. दोघंही साठीच्या पुढचे, हप्ते बँकेतून भरलेले. ८०डी खाली एकूण ६०,००० मागितले. इंटिमेशनमध्ये ८०डी समोर विभागाच्या रकान्यात फक्त १८,०००. म्हणजे आईवडिलांचा भाग पूर्ण उडाला आणि करपात्र उत्पन्न ७,६०,००० ऐवजी ८,०२,००० झालं. वाढलेल्या ४२,००० वर २० टक्क्यांनी ८,४०० कर, त्यावर ४ टक्के उपकर ३३६, मिळून ८,७३६. दहाच्या पटीत आणून मागणी ८,७४०. हा हिशेब कागदावर स्वतः करून बघाच. तुमचा आकडा मागणीशी जुळला तर चूक त्या एकाच ओळीत आहे. जुळला नाही तर आणखी कुठेतरी फरक आहे, टीडीएस किंवा व्याज, आणि तो सापडेपर्यंत अर्ज करू नका. एक अर्ज गेला की तो मागे घेता येत नाही, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत त्याच वर्षासाठी दुसरा करता येत नाही.

मग विवरणपत्राची प्रत काढा. पोचपावतीच्या एका पानावर भागणार नाही, पूर्ण फॉर्म हवा. त्यात ८०डी चं परिशिष्ट वेगळं असतं आणि सगळ्या वजावटींचा तक्ता वेगळा. दोन्हीकडे ६०,००० आहेत का? आईवडील ज्येष्ठ नागरिक असल्याचा प्रश्न बरोबर भरलाय का? दोन्हीकडे सगळं बरोबर असेल तर तुम्ही दिलेली माहिती ठीक आहे आणि चूक प्रक्रियेतली आहे. मग अर्जाचा प्रकार `Reprocess the return`. यात नव्याने काही भरायचं नसतं. पण तक्त्यात ६०,००० आणि परिशिष्ट अर्धवट असेल तर गडबड आपलीच आहे. तेव्हा प्रकार `Return data correction`, आणि त्यात बदललेली परिशिष्टं पूर्ण भरावी लागतात, फक्त चुकलेला आकडा टाकून चालत नाही. माहिती चुकीची असताना पहिला प्रकार निवडलात तर तीच माहिती पुन्हा त्याच यंत्रातून फिरून तीच मागणी परत येते.

दुरुस्तीचा अर्ज कलम १५४ खाली होतो आणि ते नोंदीवरून उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे. मूळ विवरणपत्रात न मागितलेली वजावट इथे घुसवता येत नाही. विवरणपत्र मुदतीनंतर भरलं असेल तर जुनी करप्रणाली निवडायचा हक्कच जातो आणि जवळपास सगळ्या वजावटी शून्य होतात. ते नियमाने झालेलं असतं, तिथे दुरुस्ती मागून फक्त महिने जातात. इंटिमेशनमध्ये कोणती करप्रणाली धरली आहे ते म्हणूनच सगळ्यात आधी बघा.

विम्याच्या पावत्या, पॉलिसी क्रमांक, बँकेच्या उताऱ्यातली ती ओळ हे एका फाइलमध्ये ठेवा. `Reprocess` ला काही जोडायला लागत नाही, पण प्रकरण अधिकाऱ्याकडे गेलं तर हेच मागतात. हप्ता रोखीने भरला असेल तर वाद घालू नका, ती वजावट मिळतच नाही.

अर्ज `Services` मधल्या `Rectification` खाली. वर्ष निवडा, प्रकार निवडा, पाठवा. वेगळं ई-व्हेरिफिकेशन लागत नाही. जो क्रमांक येतो तो लिहून घ्या, कारण आता तोच लागणार आहे.

लॉगआउट करू नका. त्याच बैठकीत `Pending Actions` मध्ये जाऊन `Response to Outstanding Demand` उघडा. ८,७४० ची मागणी तिथे तशीच बसलेली असेल. उत्तरात `Disagree` निवडा, कारण म्हणून दुरुस्तीचा अर्ज केल्याचं सांगा, तो क्रमांक टाका, रक्कम पूर्ण अमान्य की काही भाग ते लिहा आणि पाठवा. अर्ज केलाय म्हणजे विभागाला कळलंच असेल, असं मनात येतं. मागणीच्या खात्यात मात्र तुमचं उत्तर रिकामं राहतं आणि रिफंड निघाला की तो तिकडे वळतो. वळवण्याआधी कलम २४५ ची सूचना येते, उत्तराला २१ दिवस असतात. ती ई-मेल स्पॅममध्ये पडली असेल तर ते दिवसही गेले. ती आली तर तिथेही पुन्हा अमान्यच नोंदवायचं. आधी नोंदवलंय म्हणून सोडू नका. आणि या उत्तराचा स्क्रीनशॉट घ्या. अर्जाचा सगळे घेतात, याचा कोणी घेत नाही.

अमान्य नोंदवल्याने मागणी मिटत नाही, हेही समजून असा. शेवटी ती बरोबर ठरली तर नोटीस मिळाल्यापासूनचे ३० दिवस सोडून पुढे दर महिन्याला १ टक्का व्याज लागतं. सरांच्या मागणीवर ते महिन्याला ८७ रुपये. महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात.

मुदती. दुरुस्तीला भरपूर वेळ आहे: डिसेंबर २०२५ मधल्या इंटिमेशनला ३१ मार्च २०३० पर्यंत. अपिलाला मात्र फक्त ३० दिवस, आणि दुरुस्तीचा अर्ज केला म्हणून ते घड्याळ थांबत नाही. मुद्दा वादाचा असेल, नुसत्या आकड्याचा नसेल, तर कर सल्लागाराला पहिल्याच आठवड्यात गाठा.

दुरुस्तीचे अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडे गेल्याचा संदेश आला तर `Request to AO seeking rectification` वापरा आणि फाइल घेऊन सांगलीच्या आयकर कार्यालयात जाऊन या. पोच घ्या.

अर्ज मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निकाल द्यायचा असतो. आदेश आला की पुन्हा तेच दोन रकाने. बरोबर असेल तर `Response to Outstanding Demand` उघडून मागणी गेली का ते बघा. दिसतच असेल तर तिथे पुन्हा `Disagree`, या वेळी कारण नवा आदेश.