थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा: या चुका टाळा

थायरॉइडची गोळी रोज न चुकता घेतली तरी रक्ततपासणीतला टीएसएच, म्हणजे थायरॉइड हार्मोन कमी पडलं की वाढणारा आकडा, वरच राहतो, ही तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की डोस कमी पडतोय. कधी तसं असतंही. पण डोस वाढवण्याआधी सकाळचं घड्याळ पाहावं, कारण बऱ्याचदा गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी पोहोचत नाही.

थायरॉइडच्या गोळीतलं औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. त्याचे डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. 100 मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. इतकं थोडं औषध आधी जठरातल्या आम्लात विरघळतं आणि मग लहान आतड्यातून रक्तात शोषलं जातं. पोट रिकामं असेल तर साधारण 70 ते 80 टक्के औषध शोषलं जातं. पोटात अन्न असेल तर काही औषध अन्नातल्या घटकांना चिकटून तसंच पुढे निघून जातं. शिवाय अन्नामुळे जठरातलं आम्ल सौम्य होतं आणि गोळी नीट विरघळत नाही. दुसऱ्या एखाद्या औषधात असा थोडा फरक चालून जातो. इथे 12 किंवा 25 मायक्रोग्रॅमच्या फरकानेही टीएसएच हलतो, म्हणून वेळेचा एवढा आग्रह धरतात.

मग थांबायचं किती? कमीत कमी अर्धा तास आणि शक्य असेल तर पूर्ण एक तास. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नाश्त्याआधी 60 मिनिटं असं म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये रुग्णांना किमान 30 मिनिटं थांबायला सांगतात. माझ्या मते आपल्याकडे तासाभराचंच गणित धरावं, कारण ‘अर्धा तास’ ठरवला की घाईच्या सकाळी त्याची वीस मिनिटं होतात.

‘नाश्ता नाही केला, फक्त चहा घेतला’

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पोहे-उपमा म्हणजे खाणं आणि चहा म्हणजे काहीच नाही, असं आपण धरून चालतो. पण आपल्या चहात दूध असतं, आणि दुधातलं कॅल्शियम औषधाचं शोषण कमी करतं. कॉफी तर बिनदुधाची असली तरी अडथळा आणते. गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायची, आणि तासभर पाण्याशिवाय काही नाही. लिंबू-मध पाणी, भिजवलेले बदाम, च्यवनप्राश, प्रोटीन पावडर हे सगळं त्या तासानंतर. उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच, पाणी पिऊन. पुढे साबुदाण्याची खिचडी खायची असेल तर तिलाही तोच नियम.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जवळ ठेवणं

इथे एक तास पुरत नाही. कॅल्शियम आणि लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीसाठी घेतलेल्या अँटासिडलाही हेच लागू. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुधा कॅल्शियम किंवा लोह असतं, पण ‘व्हिटॅमिनची गोळी’ म्हणून ते लक्षात येत नाही. पाकिटावरची यादी वाचा. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू असतात आणि थायरॉइड हार्मोनची गरजही वाढलेली असते. तेव्हा या अंतरात हयगय अजिबात नको.

एक उदाहरण धरू. बावन्न वर्षांच्या काकू, डोस 75 मायक्रोग्रॅम. साडेसहाला गोळी, पावणेसातला चहा-बिस्किट, साडेआठला नाश्ता आणि लगेच कॅल्शियमची गोळी. टीएसएच येतो 8.4, म्हणजे चढा. डॉक्टरांनी विचारलं, “गोळी रिकाम्या पोटी घेता ना?” काकू म्हणाल्या, “हो, उठल्या उठल्या.” उत्तर खरंच होतं, पण पुढच्या पंधरा मिनिटांची गोष्ट त्यात आली नाही. डोस 100 झाला. नंतर मैत्रिणीने सांगितलं म्हणून काकूंनी चहा तासाने पुढे ढकलला आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्यायला लागल्या. आता 100 मधलं औषध नीट शोषलं जाऊ लागलं. दोन महिन्यांनी धडधड सुरू झाली, झोप उडाली, हात थरथरू लागले आणि टीएसएच 0.2 पर्यंत खाली आला. औषध जास्त झालं होतं. उतारवयात असा जास्तीचा डोस बराच काळ चालला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो.

इथे योग्य क्रम कोणता होता? पहिल्या भेटीतच गोळी, चहा, नाश्ता आणि बाकीची सगळी औषधं कोणत्या वेळी घेतो ते डॉक्टरांना सांगायचं. मग डोस 75 च ठेवून आधी वेळा सुधारायच्या की लगेच बदलायचा, हे ते ठरवतील. कोणताही बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहायचा. हे औषध रक्तात हळूहळू स्थिरावतं आणि टीएसएचला त्याहून उशीर लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांत केलेली तपासणी दिशाभूल करते. आणि तुमचा डोस चहासोबतच्या सवयीवर बसवलेला असेल आणि टीएसएच ठीक असेल, तर आपल्या मनाने वेळ बदलू नका. आधी विचारा.

सकाळ जमतच नसेल तर

पहाटे डबे करायचे, मुलांची शाळा, किंवा रात्रपाळी. अशांसाठी रात्री झोपताना गोळी घेणं हा मान्य पर्याय आहे, पण जेवणानंतर किमान तीन तास गेलेले हवेत. साडेनऊला जेवून अकराला झोपणाऱ्या घरात तो बसत नाही. रात्री जेवणानंतर कॅल्शियम घेत असाल तर तेही दुपारी न्यावं लागेल. वेळ कुठलीही निवडा, पण रोज तीच ठेवा. आज रिकाम्या पोटी, उद्या नाश्त्यासोबत, परवा रात्री असं झालं तर कोणताच डोस नीट बसवता येत नाही.

एखाद्या दिवशी आधी चहा झाला म्हणून गोळीच टाळू नका. नाश्त्यानंतर दोन-तीन तासांनी घ्या. दिवसभरात आठवली तर त्याच दिवशी घेतलेली बरी. या औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एका दिवसाच्या उशिराने घाबरण्याचं कारण नाही.

वेळा पाळूनही टीएसएच चढाच राहिला तर ॲसिडिटीची रोजची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगा. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी शोषण घटतं आणि तिथे नुसत्या अंतराने काम भागत नाही. ग्लूटेनमुळे होणारा सीलिॲक आजार किंवा जठराचा जुना दाह असेल तरीही असं होतं. गोळीचा ब्रँड बदलला असेल तर तेही सांगा.

तपासणीच्या दिवशी रक्त आधी द्या, गोळी नंतर घ्या. गोळीनंतर काही तास रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन, म्हणजे फ्री टी-4, थोडं वर दिसतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधीच कळवा, ते किमान दोन दिवस आधी बंद करायला सांगतात. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि त्या आकड्यावरून चांगला चाललेला डोस उगाच कमी केला जाऊ शकतो.