टनर बदलायचाय? आधी खिशात नवा वॉशर टाका

शिशाचा नवा वॉशर. यादी इथूनच सुरू करतो, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर रात्रपाळीत क्लोरीनचा टनर, म्हणजे मोठा सिलिंडर, बदलताना मी नेमका तोच विसरलो. डबा स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, बाहेर धो धो पाऊस. जुना वॉशर हातात होता, दिसायला धडधाकट. तोच परत बसवला.

शिसं मऊ असतं म्हणून तर ते वापरतात. योक, म्हणजे नळी व्हॉल्व्हला जखडणारी पकड, आवळला की वॉशर दबतो आणि व्हॉल्व्हच्या तोंडावरच्या बारीकसारीक खाचा भरून काढतो. पण हे तो एकदाच करतो. दुसऱ्यांदा त्याच खाचा त्याच जागी बसत नाहीत. मग माणूस योक आणखी आवळतो, वॉशर आणखी चेपतो आणि गळती थांबत नाही ती नाहीच. म्हणून जोडणी उघडली की वॉशर नवा. पाच मिनिटांपूर्वी बसवलेला असला तरी नवा.

हातमोजे, गॉगल, दोन माणसं: सांगायला नको. ब्रीदिंग सेट क्लोरीन रूमच्या बाहेर टांगलेला हवा, आत नव्हे. गळती आत असताना तो आणायला आत कोण जाणार? त्याच्या सिलिंडरचा दाब आधी बघा. एक्झॉस्ट पंखा सुरू करून मगच आत पाऊल टाका. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो; खाली वाकून काम करणाऱ्याला तो आधी गाठतो. आणि वाऱ्याची दिशा बघून ठेवा. पळायची वेळ आली तर वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचंय.

टनर आडवा ठेवून असा फिरवा की त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाखाली एक येतील. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. आपल्याला वायू हवा, म्हणून जोडणी वरच्याला. रिकामा टनर काढण्याआधी त्याचा व्हॉल्व्ह बंद करून क्लोरिनेटरला नळीतला उरलेला वायू ओढून घेऊ द्या. नळी सुटली की तिचं तोंड लगेच झाका. पावसाळी दमट हवा आत गेली तर तिथे आम्ल तयार होतं आणि तांब्याची नळी आतून खात बसतं. 'रिकाम्या' टनरमध्येही वायू असतोच, तेव्हा त्याच्या व्हॉल्व्हला टोपी आणि वर झाकण बसवलंच पाहिजे.

आता वॉशर. नवा. बसवलात? योक स्पॅनरने बेताने आवळा. स्पॅनरला पाइप लावून जोर काढायचा नाही.

मग माझी दुसरी चूक. खरं तर व्हॉल्व्ह जरासा उघडायचा, लगेच बंद करायचा आणि नळीत अडकलेल्या तेवढ्याच वायूवर अमोनियाची परीक्षा घ्यायची. बाटली दाबून जोडाभोवती नुसती वाफ सोडा. द्रावण पितळेला लागू देऊ नका, पितळ खराब होतं. पांढरा धूर दिसला की गळती. मी व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला आणि वर बाटलीतला अमोनियाही उडून गेलेला, बूच सैल राहिलं होतं. धूर नाही म्हणजे गळती नाही, असं समजून बाहेर आलो. थोड्या वेळाने मदतनीस खोकत आला. सेट चढवून आत गेलो तेव्हा योकपाशी वायू सुटत होता. तोवर मदतनिसाने दारातून पाण्याचा पाइप आणला होता. त्याला ओरडून थांबवलं. गळतीवर पाणी कधीच मारायचं नाही. पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल होतं आणि गळणारी फट मोठी होत जाते. उपाय साधा होता: टनरचा व्हॉल्व्ह बंद. गळती व्हॉल्व्हच्या पुढच्या जोडाला होती म्हणून तेवढ्यावर भागलं. नंतर स्टोअरचं कुलूप उघडून नवा वॉशर बसवला आणि त्याच योकवर धूर शून्य. म्हणजे दोष योकचा नव्हता, माझाच होता.

गळती व्हॉल्व्हच्या मागे, टनरच्या अंगाला असेल तर गोष्ट वेगळी. सगळे बाहेर, वाऱ्याच्या उलट दिशेला. अग्निशमन दलाला फोन. आत फक्त सेट घातलेले दोघं. टनर फिरवून भोक वर आणा, म्हणजे द्रवाऐवजी वायू सुटेल. द्रवाचा वायू होताना तो साडेचारशे पटींहून जास्त फुगतो, म्हणून हा फरक जिवाचा आहे. मग भोक बंद करायला टनरचंच किट, छोट्या सिलिंडरचं चालत नाही. सुटलेला क्लोरीन शोषून घ्यायला कॉस्टिक सोड्याची टाकी भरलेली हवी: किलोभर क्लोरीनला सव्वा किलो कॉस्टिक धरा, 900 किलोच्या टनरला अकराशेच्या वर.

बाकी नोंदवही, फोन नंबर वगैरे भिंतीवर आहेच. जुना वॉशर तिथल्या तिथे हातोडीने चेपून फेका, म्हणजे पुढच्या पाळीवाल्याला तो धडधाकट दिसणार नाही. आणि नव्यांचा डबा क्लोरीन रूमच्या दाराबाहेर, ब्रीदिंग सेटशेजारी. कुलपात नको.