ढोकळ्यावरचे लाल ठिपके: हळद आणि लाल कोबीचा रसायनशास्त्र प्रकल्प

बडोद्यात ज्या घरी खमण-ढोकळा होतो, त्या घरी कधी ना कधी पिवळ्या वड्यांवर लाल ठिपके उमटलेच आहेत. सोडा नीट कालवला गेला नाही की असं होतं, हे आमच्या दांडिया बाजारातल्या सगळ्या काकूंना ठाऊक आहे. नववीतली भाची मात्र अडली. खायचा सोडा पाण्यात विरघळवून तिने हळदीच्या कागदावर थेंब टाकला, तर कागद जेमतेम नारिंगी झाला. "मामी, मग ढोकळा कसा लाल होतो?" प्रकल्पाला यापेक्षा चांगला प्रश्न मिळायचा नाही.

आधी हळदीचा कागद करायचा. चहाचा एक चमचा हळद अर्धी वाटी स्पिरिटमध्ये ढवळून दहा मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून स्पिरिट. गॅस बंद असतानाच हे करा. त्यात फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा, कारण उन्हात हा रंग उडतो. वहीचा कागद नको. त्यात बहुधा खडूची भुकटी असते आणि ती स्वतःच थोडी अल्कधर्मी असते.

दुसरा दर्शक लाल कोबीचा. खंडेराव मार्केटमध्ये एखादा गड्डा मिळाला तर पाव गड्डाही पुरतो. पानं बारीक चिरा, दोन वाट्या उकळतं आरओचं पाणी ओता, पंधरा मिनिटांनी गाळा. रस जांभळा दिसायला हवा. आम्ही पहिल्यांदा नळाचं पाणी घेतलं, तर काही न घालताच रस निळसर झाला. पाण्यातल्या क्षारांनी आधीच निकाल देऊन टाकला होता! हा रस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. नंतर वास सहन होत नाही.

आता मुख्य प्रयोग. वाणी ज्याला 'खावानो सोडा' म्हणतो तो, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, दहा ग्रॅम मोजून स्टीलच्या कोरड्या कढईत मंद आचेवर परता. थोड्या वेळात पूड उकळल्यासारखी हलू लागते. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर पडत असते:

2NaHCO₃ → Na₂CO₃ + H₂O + CO₂

मागे उरतो तो धुण्याचा सोडा. भाजणं पूर्ण झालं की नाही, हे वजन सांगतं. दहा ग्रॅमचे सुमारे 6.3 ग्रॅम उरायला हवेत. वीस मिनिटांनी आमचा काटा 7.1 दाखवत होता, म्हणून आणखी पंधरा मिनिटं परतलं. मग 6.4 वर थांबला.

कच्चा आणि भाजलेला सोडा प्रत्येकी पाव चमचा, अर्धी-अर्धी वाटी आरओच्या पाण्यात वेगवेगळा विरघळवा. कच्च्या सोड्याचा pH साधारण 8.3 असतो, भाजलेल्याचा 11 च्या आसपास. हळद पिवळ्याची लाल होते ती साधारण 7.4 ते 8.6 या पट्ट्यात, म्हणजे कच्चा सोडा तिच्या उंबरठ्यावरच अडकतो. भाजलेल्याच्या थेंबाने कागद तत्काळ विटकरी होतो. कोबीचा रस पहिल्या वाटीत निळा, दुसरीत हिरवा. रंग मिनिटाभरात नोंदवा. थेंब वाळताना कच्च्या सोड्यातूनही वायू निघून जातो, त्याची कडा लाल होते आणि मुलं निकाल उलटा लिहितात.

ढोकळ्याचं कोडं इथे सुटतं. न कालवलेली सोड्याची गुठळी वाफेच्या उष्णतेत थोडी का होईना धुण्याच्या सोड्याकडे सरकते, तिथे पिठातला लिंबाचा रस पोचलेला नसतो आणि शेजारची हळद लाल होते.

निष्कर्ष लिहिताना एक चूक टाळा. कागद पिवळाच राहिला, म्हणजे पदार्थ आम्ल आहे, असं नाही. लिंबू, व्हिनेगर, साधं पाणी, तिन्ही हळदीला सारखीच. त्यांच्यातला फरक कोबी दाखवतो. लिंबाच्या रसात तो गुलाबी होतो, शुद्ध पाण्यात जांभळाच राहतो. तपासायचंच असेल तर भाजलेल्या सोड्याच्या हिरव्या वाटीत लिंबू थेंब-थेंब पिळा. फसफसत रंग निळा, जांभळा आणि शेवटी गुलाबी होतो. वाण्याकडून पापडखार आणून तोही याच रांगेत लावा, तो कोणत्या वाटीच्या जवळ जातो ते बघा.

भाजलेल्या सोड्याला हात लावू नका, कातडी चुरचुरते. उरलेला बाटलीत भरून त्यावर चिठ्ठी मात्र चिकटवा. आमच्याकडे तो ओट्यावर तसाच राहिला आणि पुढच्या रविवारी सगळा ढोकळाच लाल निघाला.