एस्कलेशनचा मेल लिहायच्या आधी तिकिटाचं स्टेटस बघा

आयटी सपोर्टकडे नोंदवलेली तक्रार, म्हणजे तिकीट, रखडलं आणि ते वरच्या माणसापर्यंत न्यायचं असेल, तर आधी पोर्टलवर तिकीट उघडा. एस्कलेशनचा मेल नंतर. मागच्या वेळी मी हेच केलं नाही. व्हीपीएन जोडलं जात नव्हतं, पाचव्या दिवशी वैतागून मी "पाच दिवस झाले, कुणी बघतंय का?" एवढंच लिहिलं आणि मॅनेजरला सीसीत घेतलं. तिकीट दुसऱ्या दिवसापासून Awaiting User Info वर, म्हणजे माझ्याच उत्तराची वाट बघत होतं. इंजिनीअरने एरर नंबर विचारला होता आणि तो मेल पोर्टलच्या ऑटोमॅटिक मेलच्या ढिगात न वाचलेला पडला होता. या स्टेटसला एसएलएचं, म्हणजे सपोर्टला ठरवून दिलेल्या मुदतीचं घड्याळ बहुतेक ठिकाणी थांबतं. म्हणजे मी पाच दिवस मोजत होतो, त्यांच्या हिशोबात एकच गेला होता.

म्हणून स्टेटस बघा. चेंडू आपल्या कोर्टात असेल तर विचारलेली माहिती द्या, त्या दिवशी तक्रार नको. In Progress असून दिवसेंदिवस हालचाल नसेल, तरच एस्कलेशन.

तिकीट नंबर, तारीख हे लागतंच. एरर नंबर मात्र जसाच्या तसा लिहा, "चालत नाही" असं नको. विंडोजच्या व्हीपीएनला 691 आला तर युजरनेम-पासवर्ड नाकारला गेलाय. 809 आला तर सर्व्हरकडून उत्तरच येत नाही, बरेचदा मधला राउटर किंवा फायरवॉल अडवतो. दोन्हींची माणसं वेगळी, त्यामुळे नंबर नसेल तर तिकीट या टीमकडून त्या टीमकडे फिरत राहतं. दुसऱ्या नेटवर्कवरून एकदा जोडून बघा आणि काय झालं ते लिहा.

"अर्जंट" या शब्दाने प्रायॉरिटी वाढत नाही. किती जणांचं काय काम, कधीपर्यंत अडलंय, त्यावर ती ठरते. माझी ती एक ओळ अशी हवी होती:

"नमस्कार, विषयात नंबर दिलेलं तिकीट सोमवारी नोंदवलं आहे. आपण मंगळवारी विचारलेला एरर नंबर 809 आहे. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. घरच्या वायफायवर तो दरवेळी येतो, मोबाइल हॉटस्पॉटवर व्हीपीएन जोडलं जातं. येत्या सोमवारी दुपारी दोनपर्यंत आमच्या तिघांना महिनाअखेरचा रिपोर्ट द्यायचा आहे, त्याच्या फाइल्स शेअर्ड ड्राइव्हवर आहेत. पुढची पायरी काय आणि ती कधी होईल, हे आज संध्याकाळपर्यंत कळवाल का?"

शेवटचा प्रश्न वेळेसकट हवाच. "लवकर बघा" याला उत्तर देता येत नाही.

बाकी थोडक्यात. त्याच मेल थ्रेडवर उत्तर द्या, नवं तिकीट काढू नका, ते डुप्लिकेट म्हणून बंद होतं. सीसीत आधी सपोर्टचा टीम लीड, आपला मॅनेजर त्यानंतर. Resolved दाखवतंय पण अडचण तशीच आहे? लगेच रीओपन करा, काही दिवसांनी तिकीट आपोआप बंद होतं. आणि सेंड दाबण्याआधी पोर्टल रिफ्रेश करून स्टेटस पुन्हा बघा, मेल लिहीपर्यंत ते बदललेलं असू शकतं.