इंडक्शन शेगडी मध्येच बंद पडते? आकडा वाचण्याआधी घड्याळ पाहा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या इंडक्शन शेगड्यांपैकी बऱ्याच शेगड्या मुळात बिघडलेल्याच नसतात. शेगडीवर E3 असा आकडा दिसतो, घरातले कोणी तरी तो मोबाइलवर शोधते, कुठल्याशा पानावर 'सेन्सर खराब' असे वाचते आणि शेगडी पिशवीत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवते. या आकड्यांना सर्व कंपन्यांसाठी एकच अर्थ नसतो, ही साधी गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही. एका कंपनीचा E3 म्हणजे विजेचा दाब कमी असेल, तर दुसऱ्या कंपनीचा तोच E3 म्हणजे काच तापलेली असेल. आकड्याचा अर्थ फक्त त्याच शेगडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावा, आणि ती पुस्तिका नेमकी रद्दीत गेलेली असते.

म्हणून मी आकडा नंतर विचारतो. शेगडी सुरू केल्यावर ती किती वेळाने बंद पडते, हे आधी विचारतो. भांडे ठेवताच टीं-टीं वाजून ती मिनिटभरात बंद होत असेल, तर दोष भांड्याचा आहे. दहा-पंधरा मिनिटे नीट चालून बंद पडत असेल आणि थंड झाल्यावरच पुन्हा सुरू होत असेल, तर ती तापते आहे. ताकद वाढवताच किंवा घरात दुसरे काही सुरू होताच बंद पडत असेल आणि लगेच पुन्हा चालू होत असेल, तर शेगडी सोडून भिंतीकडे पाहावे.

या तिसऱ्या प्रकारात लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात. परळच्या एका जुन्या चाळीतल्या मावशींचेच उदाहरण घ्या. त्यांची 2000 वॅटची शेगडी दुपारी व्यवस्थित चाले. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कुकर चढवला की दुसऱ्या शिट्टीच्या आत बंद पडे. माझ्याआधी येऊन गेलेल्या कारागिराने आतला मुख्य बोर्ड बदलून दिला होता, तरी शेगडीचा हेका सुटला नव्हता. मी संध्याकाळीच गेलो, कारण दुपारी जाऊन काहीच सापडले नसते. सॉकेटवर काहीही चालू नसताना मीटरने 208 व्होल्ट दाखवले. ही दाबाची पातळी 230 च्या मानाने कमी असली, तरी शेगडी त्यावर चालते. मग कुकर ठेवून शेगडी पूर्ण ताकदीवर लावली, तर त्याच सॉकेटवर आकडा 184 वर उतरला. तेवढ्यात त्याच बोर्डावरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, मीटर क्षणभर 160 च्या खाली गेला आणि शेगडी आकडा दाखवून गप्प झाली.

म्हणजे 24 व्होल्ट वाटेतच, तारांमध्ये आणि सैल जोडांमध्ये, खर्च होत होते. शेगडी तेव्हा सुमारे 8 अँपिअर घेत होती. गुणाकार केला तर जवळपास 190 वॅटची उष्णता भिंतीत, वायरीत आणि सॉकेटमध्ये निर्माण होत होती. प्लग उपसून पाहिला तर एक पिन काळवंडली होती आणि सॉकेटच्या तोंडाशी प्लास्टिक तपकिरी झाले होते. शेगडीचा मोठा प्लग एका अडॅप्टरमधून दिव्यापंख्यांसाठीच्या 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवलेला होता. खरे तर शेगडी बंद पडत होती म्हणून त्या घरात आग लागली नव्हती.

मावशींच्या मुलाने विचारले, "स्टॅबिलायझर लावला तर चालेल ना?" मला या उपायाचा मनस्वी राग आहे. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर 2000 वॅट झेपवू शकत नाही, आणि मोठा लावला तरी तो शेगडीचा दाब वाढवण्यासाठी त्याच बारीक वायरीतून आणखी प्रवाह ओढतो. त्यामुळे सॉकेट अधिकच तापते. आम्ही परवानाधारक वायरमनकडून विजेच्या मीटरजवळच्या स्विचपासून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घेतली, तिला 16 अँपिअरचा एमसीबी आणि 16 अँपिअरचे सॉकेट बसवले. त्यानंतर संध्याकाळी रिकाम्या सॉकेटवर 206 आणि पूर्ण ताकदीवर 200 व्होल्ट मिळाले. इमारतीतच येणारा कमी दाब या कामाने सुधारत नाही. ती तक्रार वीज कंपनीकडेच करावी लागते. ज्यांना मीटर हाताळण्याची सवय नाही त्यांनी उघड्या तारांच्या वाटेला जाऊ नये. त्याच बोर्डाच्या शेजारच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, त्यावर शेगडी चालू आणि बंद असतानाचा फरक पाहावा. पंधरा व्होल्टांहून जास्त फरक दिसला, तर मी शेगडी उघडतच नाही.

तापण्याचा प्रकार वेगळा असतो. शेगडीचा पंखा बहुतेक वेळा खालून हवा घेतो आणि मागून किंवा बाजूने सोडतो. शेगडीच्या पायांची उंची जेमतेम बोटभर असते. तिच्याखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचे टेबलक्लॉथ अंथरले की ते हवेबरोबर वर ओढले जाते आणि जाळी बंद होते. एक शेगडी मी उलटी केली, तेव्हा जाळीवर तेलाची वाफ आणि तांदळाची पिठी मिळून चक्क नमदा तयार झाला होता. तो जुन्या टूथब्रशने काढला आणि शेगडी पुन्हा चालू लागली. मालकांना मात्र एवढ्या सोप्या कामावर विश्वास बसेना. गॅसच्या पेटत्या बर्नरशेजारी शेगडी ठेवणे हीदेखील तीच चूक आहे, कारण मग पंखा गरम हवाच आत घेतो. स्वयंपाक संपताच भिंतीवरचा खटका बंद करण्याची घाई करू नये. पंखा थांबेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन मिनिटे, खटका चालू राहू द्यावा.

भांड्यांच्या बाबतीत लोक चुंबक लावून पाहतात, आणि तो चिकटला की समाधानाने मोकळे होतात. मी चुंबक तळावर कडेपर्यंत फिरवतो. काही ॲल्युमिनियमच्या भांड्यांत पोलादाची छिद्रांची चकती फक्त मधल्या भागात दाबलेली असते; तिथे चुंबक धरतो, कडेला सुटतो, आणि शेगडी कधी भांडे ओळखते, कधी ओळखत नाही. तळ उलटा करून त्यावर पट्टी आडवी धरावी. मध्ये फट दिसली, तर भांडे काचेला नीट टेकत नाही, त्यामुळे काचेखालच्या सेन्सरला तळाचे खरे तापमान कळत नाही. रिकामी कढई पूर्ण ताकदीवर ठेवून फोडणीची तयारी करणाऱ्यांच्या कढया अशाच वाकतात. मी तेल घालून 1000 वॅटच्या आसपास सुरुवात करतो.

जुनी भांडी चालावीत म्हणून मध्ये ठेवायची लोखंडी चकती विकत घेऊ नये. चकती स्वतः भयंकर तापते, भांड्याला उष्णता हळूहळू देते आणि उरलेली काचेवर ढकलते, त्यामुळे शेगडी तापून बंद पडते. मग दोष पुन्हा सेन्सरवर येतो.

कमी ताकदीवर शेगडी काही सेकंद चालते, काही सेकंद थांबते. हा बिघाड नव्हे, अनेक शेगड्या कमी वॅट अशाच देतात. दुधाच्या बटणावर भात शिजवायला ठेवून तो अर्धा कच्चा राहिल्याची तक्रार घेऊनही माझ्याकडे येऊ नये, कारण तिथे वेळ आधीच ठरलेली असते.