‘तारीख कधी कधी चुकते’: बग रिपोर्ट लिहिताना या चुका टाळा

माझ्या एका तिकिटाचं शीर्षक होतं, ‘इम्पोर्टमध्ये तारीख कधी कधी चुकते’. बिलांची यादी सीएसव्ही फाइलमधून चढवायची सोय होती आणि चढवलेल्या काही बिलांच्या मुदतीच्या तारखा भलत्याच दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी तिकीट `Cannot Reproduce` असा शेरा मारून बंद झालं. मी चिडले. नंतर कळलं की डेव्हलपरने खरंच करून पाहिलं होतं. त्याने एका ओळीची फाइल बनवली, त्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि ती बरोबर चढली. तो दिवस होता 4 एप्रिल, म्हणजे 04/04.

चूक माझी होती आणि ती ‘कधी कधी’ या दोन शब्दांत होती. रिपोर्टमध्ये हे शब्द आले की समजावं, बग कोणत्या अटीवर येतो ते आपण अजून शोधलेलं नाही. प्रोग्राम लहरी नसतो. काही बग वेळेच्या किंवा लोडच्या गणितावर अवलंबून असतात हे खरं, पण तेव्हाही ‘10 पैकी 3 वेळा’ असा आकडा तरी देता येतो.

मग अट शोधायची कशी? मी आधी ज्या फाइलवर बग दिसला ती घेतली. तिच्यात 300 ओळी होत्या. निम्म्या काढल्या, पुन्हा चढवली. बग राहिला तर उरलेल्यातल्या निम्म्या काढल्या. शेवटी तीन ओळी उरल्या आणि सगळी गोष्ट त्या तिघींतच होती:

```
id,due_date
1,13/04/2025
2,05/04/2025
3,04/04/2025
```

पहिली ओळ `Invalid date` म्हणून नाकारली गेली. दुसरी चढली, पण 5 एप्रिलऐवजी 4 मे अशी. तिसरी बरोबर चढली. सर्व्हर तारीख महिना-दिवस अशा क्रमाने वाचत होता आणि फाइलमध्ये क्रम दिवस-महिना होता. 13 हा महिना नसतो म्हणून पहिली ओळ अडली. दिवस 12 किंवा त्याहून कमी असला की तो गुपचूप महिना होऊन बसत होता. दिवस आणि महिना सारखेच असतील तर उलटापालट होऊनही काही बिघडत नाही, म्हणून डेव्हलपरच्या मशीनवर सगळं आलबेल.

इथे दुसरी चूक टाळायला हवी. कारण उमगल्याच्या आनंदात शीर्षकात ‘सर्व्हरचं लोकेल चुकीचं आहे’ असं लिहावंसं वाटतं. तो अंदाज आहे. चुकला तर डेव्हलपर भलतीकडेच शोधत बसेल. शीर्षकात जे दिसलं तेच लिहावं: ‘सीएसव्ही इम्पोर्ट: दिवस 12 किंवा कमी असलेल्या तारखांत दिवस-महिना उलटतात, 13 पासून पुढच्या नाकारल्या जातात’. अंदाज द्यायचाच असेल तर खाली, अंदाज म्हणूनच.

पायऱ्या लिहिताना माझ्या पहिल्या तिकिटात लॉगिनपासून चौदा पायऱ्या होत्या आणि ‘फाइल चढवा’ ही त्यातली एक. कोणती फाइल, ते नव्हतंच! आता पायऱ्या तीनच उरल्या: सोबतची फाइल घ्या, इम्पोर्ट पडद्यावरून चढवा, बिलांची यादी उघडा. वर बिल्ड क्रमांक आणि कोणत्या सर्व्हरवर पाहिलं ते. डेव्हलपरचं मशीन आणि टेस्टिंगचा सर्व्हर यांची सेटिंग वेगळी असू शकतात, त्यामुळे अशा बगमध्ये ही ओळ वगळली की बाकीची मेहनत पाण्यात.

जोडलेल्या फाइलबद्दल एक सावधगिरी. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून तपासू नका. एक्सेल स्वतःच आपल्या मशीनच्या सेटिंगप्रमाणे तारखांचा अर्थ लावतं आणि सेव्ह केलंत तर फाइलमधला मजकूरच बदलू शकतो. मग डेव्हलपरच्या हाती पडते ती आपण चढवलेली फाइल नसतेच. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष वागणूक लिहिताना बहुतेकजण ‘तारीख बरोबर दिसायला हवी’ आणि ‘तारीख चुकीची दिसते’ असं लिहून मोकळे होतात. यातून कुणालाच काही कळत नाही. मी असं लिहिलं:

अपेक्षित: ओळ 2 ची मुदत 5 एप्रिल 2025. इम्पोर्ट पडद्यावर तारखेचा नमुना `DD/MM/YYYY` असा दिलेला आहे.
प्रत्यक्ष: ओळ 2 ची मुदत 4 मे 2025 अशी साठवली जाते. कोणतीही सूचना येत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम केल्या. एक, अपेक्षा कशाच्या आधारावर ते सांगितलं. नाहीतर ‘हे असंच ठरलं होतं’ असं उत्तर येतं आणि वाद दोन मतांचा होतो. दुसरं, महिना अक्षरात लिहिला. तारखांच्या गोंधळाबद्दलच्या रिपोर्टमध्ये ‘04/05 दिसतं’ असं लिहिलं तर वाचणारा ते कोणत्या क्रमाने वाचेल, देव जाणे.

राहिली सिव्हिअरिटी, म्हणजे बगमुळे किती नुकसान होतं ते, आणि इथे माझा पहिला निर्णय साफ चुकला होता. लाल अक्षरातला `Invalid date` डोळ्यांत भरतो, म्हणून मी तो मुख्य बग धरला आणि ‘काही ओळी पुन्हा भराव्या लागतात’ म्हणत ‘मायनर’ दिलं. पण नाकारलेली ओळ निदान दिसते, माणूस ती दुरुस्त करतो. खरं नुकसान न बोलता चढलेल्या ओळींचं.

लीप नसलेल्या वर्षात 365 तारखा. त्यातल्या 144 तारखांत दिवस 12 किंवा कमी असतो. त्यातल्या 12 तारखांत दिवस-महिना सारखे, म्हणजे त्या सुटल्या. उरलेल्या 132 तारखा गुपचूप बदलतात आणि 221 नाकारल्या जातात. शिवाय हाताने भरलेली बिलंही त्याच टेबलात जात होती, आणि कोणतं बिल इम्पोर्टमधून आलं याची खूण कुठेच ठेवलेली नव्हती. 4 मे ही मुदत खरीच 4 मे आहे की उलटलेला 5 एप्रिल, हे नंतर डेटा पाहून सांगता येणार नव्हतं.

म्हणून ‘क्रिटिकल’ केलं आणि खाली कारण लिहिलं: ‘डेटा सूचनेशिवाय चुकीचा साठवला जातो, मूळ फाइल नसेल तर परत मिळवता येत नाही.’ प्रत्येक टीममध्ये ‘मायनर’, ‘क्रिटिकल’ यांची व्याख्या वेगळी असते, तेव्हा आपल्याकडची आधी वाचून घ्या. ‘रिलीज परवा आहे’ किंवा ‘क्लायंट ओरडतोय’ ही सिव्हिअरिटीची कारणं नव्हेत. ती प्रायॉरिटीची, म्हणजे कधी दुरुस्त करायचं याची, आणि ती बहुधा दुसरंच कुणी ठरवतं. दोन्ही एकात मिसळणाऱ्याचं प्रत्येक तिकीट ‘क्रिटिकल’ असतं, आणि मग त्याचं कुठलंच तिकीट कुणी त्या नजरेने वाचत नाही.

तिकीट मी त्याच क्रमांकावर पुन्हा उघडलं. या वेळी डेव्हलपरचा प्रश्न आला, ‘ही इम्पोर्टची सोय लाइव्ह कधीपासून आहे?’ मूळ फाइली कुणाकुणाकडून परत मागवायच्या, याची यादी तो करत होता.